ट्रेडमिल टेस्टची तयारी आणि ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ पेशंटला मराठीत सांगताना

एका ५४ वर्षांच्या बाईंच्या ट्रेडमिल टेस्टच्या रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ असं छापून आलं. त्यांच्या मुलाने तिथूनच घरी फोन लावला, “नॉर्मल आलंय, काळजी नको.” मी तिथे दुसऱ्या पेशंटसाठी दुभाषी म्हणून बसले होते. डॉक्टरांनी मला बोलावलं, कारण रिपोर्टमधल्या पुढच्या दोन ओळी त्या मायलेकांना समजावून सांगायच्या होत्या. त्या ओळींचा अर्थ असा होता की ही टेस्ट पुरेशी झालेलीच नाही. मागे जात जात शोधलं तेव्हा मूळ सापडलं ते रिपोर्टात नाही, तर आठवडाभर आधी दिलेल्या तयारीच्या कागदावरच्या एका मराठी वाक्यात.

दवाखान्यासाठी भाषांतर किंवा दुभाष्याचं काम नुकतंच सुरू केलेल्यांनी या एका टेस्टपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. कागद छोटा असतो, इंग्रजी सोपं दिसतं आणि चूक झाली तर ती थेट निकालात उतरते. त्या बाईंची गोष्ट पुढे पूर्ण सांगते. आधी कामाचा क्रम.

पहिली पायरी: टेस्ट काय शोधते ते स्वतःला कळू द्या

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असल्या, तरी माणूस स्वस्थ बसलेला असताना बहुधा काहीच जाणवत नाही. तेवढं रक्त चिंचोळ्या वाटेनेही पोचतं. श्रम वाढले की हृदयाची मागणी वाढते आणि मग पुरवठा तोकडा पडतो. अशा वेळी ईसीजीच्या रेषेत बदल होतो. प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतर जो जवळपास सपाट तुकडा येतो, त्याला एसटी म्हणतात. हा तुकडा श्रमाच्या वेळी आडवा किंवा उतरता होऊन निदान १ मिलिमीटर खाली गेला, तर टेस्ट साधारणपणे पॉझिटिव्ह धरतात.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या टेस्टला धमनी दिसत नाही. तिला दिसते ती धमनी अरुंद असल्याची एक खूण. ही खूण इतर कारणांनीही उमटू शकते आणि काही वेळा कारण असूनही उमटत नाही. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढे ‘पॉझिटिव्ह’चं भाषांतर करताना हात आपोआप सावध होतो.

पट्ट्यावरचा क्रम बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉलचा असतो. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी तो १९६३ साली मांडला. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, पुढचा टप्पा ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा ताशी साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. पेशंटला हे आकडे सांगायची गरज नाही. त्याला सांगावं, “दर तीन मिनिटांनी पट्टा थोडा जोरात फिरेल आणि पुढून उचलला जाईल, टेकडी चढल्यासारखं वाटेल.” आकडे तुम्हाला माहीत हवेत ते यासाठी, की रिपोर्टमध्ये ‘स्टेज टू’ दिसलं तर ते कुठवर चालले हे तुमच्या डोळ्यांपुढे यावं.

दुसरी पायरी: नावातला ‘ताण’ काढून टाका

‘स्ट्रेस टेस्ट’चं ‘तणाव चाचणी’ करू नका. मराठी माणसाच्या मनात तणाव म्हणजे डोक्यावरचं ओझं, घरातली कटकट. एका काकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “मला कसलं टेन्शन नाही, ही टेस्ट मला कशाला?” त्यांना वाटलं होतं, मानसिक तपासणीला पाठवलंय. ‘ताण चाचणी’ थोडी बरी, तरी तीही मोघमच.

मी लिहिते, ‘ट्रेडमिल टेस्ट (टीएमटी): चालत्या पट्ट्यावर चालताना हृदयाची तपासणी’. टीएमटी हा शब्द पेशंटच्या कानावर आधीच पडलेला असतो, तो ठेवावा. काउंटरवर त्याला तोच विचारला जाणार आहे.

तिसरी पायरी: तयारीचा कागद

इथे सर्वात जास्त वेळ द्या. माझ्या मते या कागदावर एक वाक्य बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे, ते म्हणजे औषधांचं.

मूळ इंग्रजी साधारण असं असतं: ‘होल्ड बीटा ब्लॉकर्स फॉर फॉर्टी-एट अवर्स प्रायर टू द टेस्ट, अनलेस अदरवाइज इन्स्ट्रक्टेड.’ बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या. दवाखान्याच्या इंग्रजीत औषध ‘होल्ड’ करणं म्हणजे ते तात्पुरतं न घेणं. शब्दकोश उघडला तर ‘धरणे, बाळगणे, ठेवणे’ असे अर्थ समोर येतात. त्या बाईंच्या कागदावर छापलं होतं, ‘बीटा ब्लॉकर गोळ्या ४८ तास आधीपासून जवळ ठेवाव्यात.’ त्यांनी तसंच केलं. गोळ्या पर्समध्ये होत्या आणि त्या दिवशी सकाळची गोळी त्यांनी नेहमीप्रमाणे घेतलीही होती. टेक्निशियनने विचारलं, “गोळ्यांचं सांगितल्याप्रमाणे केलंत ना?” त्या म्हणाल्या, “हो.” दोघंही खरंच बोलत होते.

उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. ‘बीटा ब्लॉकर बंद करावे’ असं लिहिलं तर पेशंट ते कायमचं बंद करतो. अशा गोळ्या एकाएकी सोडल्या तर आधीच हृदयाचा त्रास असलेल्या माणसाची छातीतली कळ वाढू शकते, बीपी उसळू शकतं. शिवाय कधी कधी डॉक्टरांना गोळी चालू असतानाच टेस्ट हवी असते, उपचार लागू पडतोय का हे बघायला. म्हणजे इंग्रजीत वाक्याच्या शेपटाला लटकवलेला ‘वेगळं सांगितलं नसेल तर’ हा भाग खरं तर सगळ्यात आधी यायला हवा.

मी हे वाक्य फोडून लिहिते:

“गोळ्यांबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून कुठलीही गोळी थांबवू नका. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलेली गोळी: ________. शेवटची गोळी घ्यायची: ____वारी, ____ वाजता. त्यानंतर टेस्ट होईपर्यंत ती घ्यायची नाही. पुन्हा सुरू करायची: ________.”

रिकाम्या जागा डॉक्टर किंवा नर्सने भरायच्या. भाषांतरकाराने त्या कधीही भरू नयेत, पेशंटने गोळ्यांची पट्टी पुढे करून “हीच का ती?” विचारलं तरीसुद्धा. ‘बीटा ब्लॉकर’ हे गोळ्यांच्या एका गटाचं नाव आहे, ते पट्टीवर ठळक छापलेलं नसतं. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशी नावं पेशंटला दिसतात आणि त्यातही कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं. म्हणून गटाचं नाव एकटं लिहून भागत नाही.

शेवटची रिकामी जागा, म्हणजे गोळी पुन्हा कधी सुरू करायची, मूळ इंग्रजी कागदावर बहुतेक वेळा नसतेच. मी ती दरवेळी मागून घेते. भाषांतरात आपल्या मनाने भर घालायची नाही हा नियम बरोबर आहे. पण मूळ मजकुरात खड्डा दिसतोय हे लिहून देणाऱ्याच्या लक्षात आणून देणं हा आपल्या कामाचा भाग आहे.

आता ‘४८ तास’. माणसं दिवसांत विचार करतात, तासांत नाही. टेस्ट गुरुवारी सकाळी १० ला असेल, तर ४८ तास म्हणजे मंगळवारी सकाळी १० पासून. रोज सकाळी ८ ला गोळी घेणाऱ्याची शेवटची गोळी मंगळवारची. बुधवारची आणि गुरुवारची सकाळची नाही. कागदावर वार आणि वेळच लिहावी. ‘दोन दिवस आधी बंद’ असं लिहिलं तर कुणी मंगळवार धरून मोजतं, कुणी सोडून.

खाण्यापिण्याच्या वाक्यातही मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ‘फास्टिंग’ शब्द आला की हात ‘उपाशी’ किंवा ‘उपास’ लिहायला जातो. पण मराठीत उपास म्हणजे काहीच न खाणं नव्हे, उपासाला चालणारं खाणं. आणि ‘उपाशी’ म्हटलं की बरेच जण रात्रीपासून पाणीही घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी या टेस्टसाठी एवढंच हवं असतं की आधीचे दोन ते चार तास पोट भरून खाल्लेलं नसावं. कागदावर ३ तास असतील तर वेळ वजा करून लिहा: “टेस्ट १० ला आहे. सकाळी ७ नंतर काही खाऊ नका. पाणी थोडं थोडं प्यायला हरकत नाही.” पाण्याबद्दल मूळ कागदात काही नसेल तर विचारून घ्या, अंदाजाने घालू नका.

मधुमेह असलेल्या पेशंटसाठी ही ओळ धोकादायक ठरू शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली, पोट रिकामं आणि वर चढावर चालणं, यात साखर खूप खाली जाऊ शकते. ‘खाऊ नका’ आणि ‘नेहमीची औषधं घ्या’ ही दोन वाक्यं एकाच कागदावर दिसली, की थांबून डॉक्टरांना विचारा आणि मधुमेहींसाठी वेगळी ओळ लिहून मागा.

जुना भाषांतरित कागद उचलून दुसऱ्या टेस्टला लावू नका. पट्ट्यावर न चालवता औषध देऊन करायची हृदयाची तपासणीही ‘स्ट्रेस टेस्ट’ याच नावाने येते. तिथल्या काही औषधांचं काम कॅफिनमुळे अडतं, म्हणून चहा-कॉफी बरेच तास आधीपासून काटेकोरपणे बंद असते. साध्या ट्रेडमिल टेस्टच्या कागदावर कॅफिनबद्दल जे लिहिलं असेल तेच लिहायचं.

बाकीच्या सूचना सरळ आहेत. छातीला तेल, क्रीम, पावडर नको, कारण ईसीजीच्या चकत्या चिकटत नाहीत. पुढून उघडता येईल असा सैल कपडा, चालायचे बूट. दम्याचा पंप असेल तर तो सोबत, आणि इथे मात्र ‘सोबत’ हाच अर्थ आहे. छातीवर केस असतील तर चकत्यांच्या जागी ते काढावे लागतील, हे पुरुषांना आधी सांगितलेलं बरं. बायकांना छातीवर चकत्या लावल्या जातील हे आधीच सांगावं आणि स्त्री टेक्निशियन हवी असेल तर ते विचारायची संधी द्यावी. तिथे पोचल्यावर कळलं तर काही जणी गप्प बसतात आणि टेस्टभर आखडून चालतात.

कागद वाचून झाल्यावर “समजलं का?” विचारू नका, त्याचं उत्तर कायम “हो” असतं. “ताई, बुधवारी सकाळी उठल्यावर कुठली गोळी घेणार, कुठली नाही, मला सांगा बरं,” असं विचारा. त्या बाईंना हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर टेस्टची तारीख वाया गेली नसती.

चौथी पायरी: पट्ट्यावर असताना कोणते शब्द ऐकायचे

तुम्ही प्रत्यक्ष दुभाषी म्हणून उभे असाल तर इथे वेगाने बोलावं लागतं, म्हणून शब्द आधीच जमवून ठेवा. डॉक्टर इंग्रजीत विचारतात, “एनी चेस्ट पेन?” तुम्ही म्हणता, “छातीत दुखतंय का?” पेशंट म्हणतो, “नाही.” आणि खरंच दुखत नसतं. हृदयाचा त्रास मराठी माणूस दुखणं म्हणून क्वचितच सांगतो. छाती भरून येते, जड होते, दडपण येतं, आवळल्यासारखं वाटतं, जळजळतं, कुणीतरी वर बसल्यासारखं होतं. जबड्यात, खांद्यात, हातात कळ जाते. म्हणून टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगून ठेवावं की तुम्ही प्रश्न थोडा पसरून विचारणार आहात: “छातीत दुखणं, जड वाटणं, दडपण, जळजळ, असं काही होतंय का?” हे शब्द तुम्ही पेशंटच्या तोंडी घालताय का, असा प्रश्न कुणी करेल. मी डॉक्टरांची परवानगी घेऊनच करते आणि पेशंट जो शब्द वापरेल तो तसाच इंग्रजीत नेते. ‘जड’चं ‘पेन’ करत नाही.

‘दम लागणं’ आणि ‘श्वास घ्यायला त्रास होणं’ यातही फरक ठेवा. चढावर दम सगळ्यांना लागतो. बोलता येत नाही इतका लागला, तर ती वेगळी गोष्ट. तसंच ‘चक्कर’ म्हटलं की विचारा, गरगरतंय की डोळ्यांपुढे अंधारी येतेय. दुसरं ऐकलं तर त्या क्षणी मोठ्याने सांगा, पुढचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघू नका.

चढण्याआधी तीन गोष्टी पेशंटच्या कानात नीट उतरायला हव्यात. थांबावंसं वाटलं तर लगेच सांगायचं, मध्ये थांबणं म्हणजे नापास होणं नव्हे. पट्टा थांबेपर्यंत उडी मारून उतरायचं नाही. आणि दांडीला हलका हात लावायचा, लटकायचं नाही. अंगाचा भार दांडीवर टाकला तर श्रम कमी होतात आणि माणूस खऱ्यापेक्षा जास्त चालला असं दिसतं. आणखी एक गोष्ट माझ्या अनुभवात फार उपयोगी पडली: सही घेण्याच्या वेळी पेशंट जर सहज बोलून गेला की “काल रात्री बसल्या बसल्या छातीत भरून आलं होतं,” तर ते गप्पा समजून सोडू नका. बसल्या जागी नव्याने होणारा त्रास असेल तर ही टेस्ट त्या दिवशी करायची की नाही हे डॉक्टरांना ठरवावं लागतं.

सहीच्या कागदावर धोक्याची ओळ असते. गंभीर प्रकार, म्हणजे हार्ट अटॅक किंवा मृत्यू, अडीच हजार टेस्टमागे फार तर एक, असा आकडा वैद्यकीय मार्गदर्शिकांमध्ये दिलेला आहे. ‘क्वचित’ हा शब्द ऐकून एक जण हसून सही करतो, दुसरा घाबरून उठतो. कागदावर आकडा असेल तर आकडाच सांगा.

पाचवी पायरी: ‘पॉझिटिव्ह’

‘सकारात्मक’ असं भाषांतर कधीही करू नका. मराठीत सकारात्मक म्हणजे चांगलं, आशादायक. मी एक रिपोर्ट पाहिलाय ज्यावर ‘चाचणी सकारात्मक आहे’ असं लिहिलं होतं आणि पेशंट पेढे घेऊनच पुन्हा भेटायला यायच्या बेतात होता. ‘पॉझिटिव्ह’ शब्द तसाच ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे त्याला हाच ऐकायला मिळणार, आणि लगेच त्याचा अर्थ सांगा.

करोनानंतर ‘पॉझिटिव्ह म्हणजे वाईट’ हे बहुतेकांना कळतं. पण त्यासोबत दुसरा गैरसमज आला: पॉझिटिव्ह म्हणजे रोग आहेच, शिक्का बसला. ट्रेडमिल टेस्टमध्ये तसं नसतं. १९८९ साली जुन्या १४७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात असं दिसलं की धमन्या खरोखर अरुंद असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६८ जणांत ही टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि अरुंद नसलेल्या १०० जणांपैकी सुमारे ७७ जणांत निगेटिव्ह. म्हणजे उरलेल्या २३ जणांना रोग नसूनही पॉझिटिव्ह.

याचा परिणाम काय होतो ते करून बघा. समजा, ज्यांना रोग असण्याची शक्यता मुळातच कमी आहे अशा १०० जणांची टेस्ट केली आणि त्यांतल्या १० जणांना खरंच रोग आहे. त्या १० पैकी साधारण ७ पॉझिटिव्ह येतील. रोग नसलेल्या ९० पैकी सुमारे २१ जणही पॉझिटिव्ह येतील. एकूण २८ पॉझिटिव्ह, त्यांत खरे रोगी ७. आता उलट, ज्यांना चढताना ठरावीक त्रास होतो अशा १०० जणांत ६० जणांना रोग आहे असं धरा. तिथे ४१ खरे आणि ९ खोटे पॉझिटिव्ह येतील. शब्द तोच, पण एका माणसाच्या बाबतीत तो चारांत एक खरा आणि दुसऱ्याच्या बाबतीत पाचांत चार. हा हिशोब पेशंटपुढे मांडायचं काम डॉक्टरांचं आहे. तुम्ही तो समजून घ्यायचा तो यासाठी, की डॉक्टर “सजेस्टिव्ह ऑफ इस्केमिया”, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण, असं म्हणाले तर तुमच्या तोंडून “ब्लॉकेज आहे” असं निघू नये.

मी वापरते ते वाक्य असं: “टेस्ट पॉझिटिव्ह आहे. म्हणजे चालताना तुमच्या ईसीजीत असा बदल दिसला, जो हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा दिसतो. हाच बदल कधी कधी दुसऱ्या कारणांनीही दिसतो. नक्की कशामुळे आहे हे ठरवायला डॉक्टर पुढची तपासणी सांगतील.” दुसरी कारणं कोणती असं विचारलं तर प्रश्न डॉक्टरांकडे वळवा. बीपीमुळे जाड झालेला हृदयाचा स्नायू, डिगॉक्सिनसारखं औषध, मुळातच वेगळा असलेला ईसीजी अशी उत्तरं बहुधा येतील, ती ओळखीची असली म्हणजे भाषांतर अडखळत नाही.

‘माइल्डली पॉझिटिव्ह’ला ‘थोडासा रोग’ म्हणू नका. ती बदलाची तीव्रता आहे, रोगाची नव्हे. ‘बदल थोडाच दिसला’ एवढंच.

सहावी पायरी: ‘निगेटिव्ह’, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला तिसरा निकाल

‘नकारात्मक’ही नको आणि ‘नॉर्मल’ही नको. निगेटिव्ह म्हणजे या टेस्टमध्ये, इतक्या श्रमापर्यंत, रक्त कमी पडल्याची खूण दिसली नाही. रिपोर्टचं इंग्रजी वाक्यही बहुधा ‘निगेटिव्ह फॉर इंड्युसिबल इस्केमिया अॅट द वर्कलोड अचीव्ड’ असं असतं आणि भाषांतरात शेवटचे शब्द सर्वात आधी गळतात.

“आता अटॅक येणार नाही ना?” हा प्रश्न दर दुसरा पेशंट विचारतो. उत्तर डॉक्टर देतील, पण ते ‘नाही’ असं का म्हणू शकत नाहीत हे तुम्हाला माहीत असावं. ही टेस्ट रक्ताची वाट अडेल इतका अरुंदपणा असेल तरच खूण दाखवते. अटॅक मात्र पुष्कळदा धमनीतल्या लहान, वाट न अडवणाऱ्या थराला तडा जाऊन त्यावर गुठळी बसल्याने येतो. म्हणून मी डॉक्टरांच्या संमतीने ही ओळ घालते: “निगेटिव्ह आलं तरी छातीत त्रास झाला तर थांबू नका, लगेच दाखवा. चालू असलेली औषधं स्वतःहून बंद करू नका.”

आता तिसरा निकाल. हृदयावर पुरेसा भार पडला की नाही हे ठोक्यांवरून ठरवतात. २२० मधून वय वजा करायचं, त्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे. तेवढे गाठले नाहीत आणि खूणही दिसली नाही, तर टेस्ट अपुरी. रिपोर्टमध्ये ‘सबमॅक्झिमल’, ‘इनअॅडिक्वेट’ किंवा ‘इनकन्क्लुझिव्ह’ असे शब्द येतात. मराठीत ‘टेस्ट अपुरी राहिली, यावरून हो किंवा नाही सांगता येत नाही’ असं लिहावं. ‘अनिर्णायक’ हा शब्द बरोबर असला तरी पेशंटला तो अर्धाच कळतो.

त्या बाईंकडे परत येऊ. वय ५४, म्हणजे २२० वजा ५४, १६६. त्याच्या ८५ टक्के म्हणजे १४१. त्या ५ मिनिटं ४० सेकंद चालल्या, पाय भरून आल्यावर थांबल्या आणि ठोके पोचले १२२ वर, म्हणजे १६६ च्या सुमारे ७३ टक्के. बीटा ब्लॉकरचं कामच हृदयाचा वेग दाबणं हे आहे. सकाळची गोळी पोटात असल्यामुळे ठोके वर चढले नाहीत. रिपोर्टमध्ये ‘निगेटिव्ह’ होतं, पण त्याच वाक्यात ‘७३ टक्क्यांवर’ आणि पुढच्या ओळीत ‘सबमॅक्झिमल’ होतं. फोन झाल्यावर ‘टेस्ट टर्मिनेटेड ड्यू टू फटीग’ हे वाक्य वाचून मुलगा घाबरला होता. त्याला वाटलं काहीतरी बिघडलं म्हणून टेस्ट बंद पाडली. त्याचा अर्थ इतकाच की आई थकली म्हणून टेस्ट तिथे थांबवली.

डॉक्टर इंग्रजीत बोलले आणि मी त्यांना मराठीत असं सांगितलं: “मावशी, तुम्ही जेवढं चाललात तेवढ्यात काही खूण दिसली नाही. पण हृदयाचा वेग हवा तितका वाढला नाही, गोळीमुळे तो दबून राहिला असावा. म्हणून आज यावरून ‘ठीक आहे’ असंही म्हणता येत नाही आणि ‘त्रास आहे’ असंही नाही. डॉक्टर गोळीचं ठरवून टेस्ट पुन्हा करायला सांगतायत.”

त्यांनी पर्स उघडून गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. “जवळ ठेवा म्हणाले होते, म्हणून मी दोन दिवस पट्टी पर्समध्येच ठेवली, गोळी तेवढी रोजच्यासारखी घेतली,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ती पट्टी हातात घेतली, नवीन कागद मागवला आणि पहिल्या रिकाम्या जागेत पट्टीवरचं नाव, दुसऱ्या जागेत वार आणि वेळ, तिसऱ्या जागेत ‘टेस्ट झाल्यावर त्याच दिवशी, जेवणानंतर’ असं लिहिलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि मग त्यांना माझ्यासाठी पुन्हा सांगायला लावलं. तिसरी जागा सांगताना त्या एकदा चुकल्या, दुसऱ्यांदा बरोबर सांगितलं.